गुरुजींचा स्क्रीनशॉट आणि रिफंडचा मेल

रिटर्न भरायची धांदल ओसरली की आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲपवर दुसरी धांदल सुरू होते, ती स्क्रीनशॉटची. सांगलीत विश्रामबागला एका कर सल्लागारांकडे मी काम करते. पगारदार, पेन्शनर, मार्केट यार्डातले हळदीचे दोनचार अडते, असे आमचे ग्राहक. ऑगस्टमध्ये सगळ्यांचं लक्ष रिफंडकडे लागलेलं असतं आणि नेमक्या त्याच दिवसांत ‘हे खरं आहे का बघा’ म्हणून मेलचे फोटो येतात. बहुतेक फोटो बघताक्षणी खोटे कळतात. एकात मात्र मला बराच वेळ घालवावा लागला, त्याबद्दल हे लिहिते आहे.

पाठवणारे आमचे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, माधवनगरला राहतात. चौथीला मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनं मी अजून चौथीतच आहे. बँकेला फॉर्म १५एच द्यायचा राहून गेल्यामुळे त्यांच्या मुदत ठेवीच्या व्याजावर टीडीएस कापला गेला होता आणि तो परत मिळावा म्हणून आम्हीच त्यांचं रिटर्न भरलं होतं. म्हणजे रिफंड खरोखर येणार होता. खोट्या मेलला याहून चांगली जमीन मिळत नाही.

स्क्रीनशॉटवर वर ठळक अक्षरांत पाठवणाऱ्याच्या जागी होतं `donotreply@incometax.gov.in`. खाली आयकर खात्याच्या नावाची पट्टी, मग इंग्रजीतला मजकूर. तुमचा २४,३८० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, तो अमुक शेवटच्या चार आकड्यांच्या खात्यात जमा होईल, हे खाते तुमचे नसेल तर २४ तासांच्या आत खालील लिंकवर दुरुस्त करा, अन्यथा रिफंड रद्द समजला जाईल. त्याखाली निळ्या अक्षरांत, अधोरेखित, खुद्द आयकर पोर्टलचा पत्ता: `https://www.incometax.gov.in/iec/foportal/`.

पोर्टलचा हा पत्ता अगदी बरोबर आहे. मी रोज तोच उघडते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला शेवटचा भाग, `incometax.gov.in`, हाही खात्याचाच. स्क्रीनशॉटवर दिसतं तेवढंच धरून चाललं तर या मेलला खोटा म्हणायला काहीच आधार नव्हता. गुरुजींचा फोन आलाच.

“अगं, दोनदा वाचला मी. स्पेलिंगची एकही चूक नाही, वाक्यरचना सरळ आहे. ह्यात चूक काढून दाखव की मला.”

त्यांचं म्हणणं खरं होतं. खोट्या मेलचं इंग्रजी मोडकंतोडकं असतं, ही समजूत आता उपयोगाची राहिलेली नाही. शुद्ध इंग्रजी लिहून घेणं आज कुणालाही जमतं, शिवाय खऱ्या मेलचा मजकूर उचलून त्यात दोन ओळी घातल्या की कामच झालं. चुका सापडल्या तर संशय घ्यावा, पण सापडल्या नाहीत म्हणून विश्वास टाकावा असं त्यात काही नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, “गुरुजी, भाषा राहू दे. लिंक दाबली नाही ना?” नव्हती दाबली. चष्मा वर करून आधी मला फोन लावला होता.

स्क्रीनशॉटची अडचण अशी की तो मेलचा फोटो असतो, मेल नसतो. मेलमध्ये दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या मागे आणखी एक गोष्ट असते. नावाच्या मागे पत्ता असतो, निळ्या अक्षरांच्या मागे लिंक असते. फोटोत फक्त पुढची बाजू येते. त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे बारीक अक्षरं पुसट होतात. `rn` आणि `m` यांतला फरक अशा फोटोत दिसेलच असं नाही. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे मी फोटो पुन्हा मागवला. व्हॉट्सॲपमध्ये पिनच्या चिन्हावरून ‘डॉक्युमेंट’ निवडून तोच फोटो पाठवला की तो मूळ आकारात येतो. गुरुजींना हे फोनवर सांगायला जरा वेळ लागला, पण आला. मोठा करून एकेक अक्षर पाहिलं. `incometax` चं स्पेलिंग बरोबरच होतं. अक्षरांची अदलाबदल हा प्रकार इथे नव्हता.

मग मी त्या ठळक ओळीकडेच पाहत राहिले. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला. जीमेलमध्ये मेल उघडला की ठळक अक्षरांत पाठवणाऱ्याचं नाव येतं. पत्ता त्या जागी सहसा नसतो. बँकेचा मेल आला की तिथे बँकेचं नाव दिसतं, मुलाचा आला की मुलाचं. इथे नावाच्या जागी आख्खा पत्ता होता. काही मेलना नावच दिलेलं नसतं, तेव्हा जीमेल तिथे पत्त्यातलंच काहीतरी दाखवतं, म्हणून एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण एक शंका घ्यायला जागा होती: हा पत्ता म्हणजेच त्यानं स्वतःला दिलेलं नाव तर नाही?

नाव काय लावायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात असतं. मी माझ्या जीमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन नावाच्या चौकटीत ‘जिल्हाधिकारी’ लिहिलं तर समोरच्याला जिल्हाधिकाऱ्यांचा मेल आल्यासारखा दिसेल. पत्त्याचं तसं नाही. चोरानं पत्त्याच्याच जागी खात्याचा पत्ता टाकला असता, तर हा मेल खरोखर त्या डोमेनच्या परवानगीनं निघालाय का, याची तपासणी जीमेल येतानाच करतं, आणि असे मेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जातात किंवा पोचतच नाहीत. नावाच्या चौकटीत काय लिहिलंय याची तशी तपासणी होत नाही. म्हणून हुशार माणूस खरा पत्ता नावात लिहितो आणि मेल स्वतःच्या पत्त्यावरून पाठवतो. फोनवर वाचणाऱ्याला वरची ठळक ओळ तेवढी दिसते.

खात्री करायची तर पडद्यामागचा पत्ता हवा होता. गुरुजींना म्हटलं, “मेल उघडा. नावाच्या खाली बारीक अक्षरांत ‘टू मी’ असं लिहिलंय बघा. त्याच्या शेजारी खाली तोंड असलेला छोटा बाण आहे. त्यावर एकदा बोट लावा. बाकी कुठेही लावू नका.”

“टू मी सापडलं. बाण... हां, काहीतरी उघडलं.”

“आता ह्याचाच फोटो काढा आणि मगासारखा डॉक्युमेंटनं पाठवा.”

दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये सगळं उघडं पडलं. From या शब्दासमोर आधी तेच नाव, म्हणजे आयकर खात्याचा पत्ता, आणि त्याला लागून वेगळाच एक पत्ता. मूळ पत्ता मी इथे देत नाही. त्याच्या रचनेला हात न लावता शेवटच्या तुकड्यात `example` घातलं आहे. हा शब्द इंटरनेटवर उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, त्यामुळे कुणी चुकून दाबलं तरी कुठे जाणार नाही. साधारण असं होतं ते:

```
From: donotreply@incometax.gov.in
      <notice@refund-desk.example>
```

कोनी कंसातला पत्ता तेवढा खरा. `@` च्या उजवीकडचा भाग मेल कुठून निघाला ते सांगतो, आणि तिथे `gov.in` चा मागमूस नव्हता. भारत सरकारची खाती सहसा `gov.in` वापरतात आणि ते नाव बाहेरच्या कुणाला विकत मिळत नाही. आयकर खात्यानं रिफंडचा मेल दुसऱ्याच नावावरून पाठवावा याला काही कारण नाही.

खरं तर इथेच फोन ठेवता आला असता. पण गुरुजींना लिंकचं कोडं सुटत नव्हतं. “पाठवणारा खोटा असेल, पण लिंक तर सरकारी आहे ना? ती दाबली तर सरकारच्याच साइटवर जाणार!” चौथीच्या वर्गात आम्ही विचारायला हवे होते असे प्रश्न ते आता मला विचारत होते.

मेलमधली निळी अक्षरं आणि ती दाबल्यावर उघडणारा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेल तयार करताना त्या वेगवेगळ्या लिहिल्या जातात. साधारण अशा:

```html
<a href="https://incometax.gov.in.refund-desk.example/login">
https://www.incometax.gov.in/iec/foportal/</a>
```

दिसते ती खालची ओळ, उघडते ती वरची. ‘इथे क्लिक करा’ असं लिहिलेलं असतं तेव्हा माणूस निदान विचार तरी करतो की हे कुठे नेणार. पूर्ण पत्ताच लिहिलेला दिसला की तो विचारही सुचत नाही.

कॉम्प्युटरवर माउस लिंकवर नुसता धरला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसतो. फोनवर बोट लावून तसंच दाबून धरावं लागतं. गुरुजींचा फोन अँड्रॉइडचा आहे. जीमेलमध्ये लिंक दाबून धरली की एक चौकट येते, तिच्यात वर खरा पत्ता असतो आणि खाली ती उघडायचे, कॉपी करायचे पर्याय. पण मी त्यांना हे करू दिलं नाही. ज्याचा हात जरा थरथरतो त्याला फोनवरून ‘दाबून धरा, पण दाबू नका’ सांगणं काही खरं नाही. आयफोन असेल तर आणखी एक भानगड: ॲपलच्या मेल ॲपमध्ये लिंक दाबून धरली की पानाची छोटी झलक दिसते, म्हणजे ते पान तेवढ्यापुरतं उघडलेलंच असतं. दुसऱ्या दिवशी गुरुजी गणपतीला निघालेच होते, तिथून ऑफिसला या म्हटलं.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यांचा जीमेल उघडला आणि माउस त्या निळ्या ओळीवर धरला. खाली डाव्या कोपऱ्यात आलं: `incometax.gov.in.refund-desk.example/login`. गुरुजी पुढे झुकले. “हे बघ, इनकमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन आहेच की सुरुवातीला!”

पोस्टाचा पत्ता वाचताना आपण शेवटची ओळ आधी बघतो, जिल्हा सांगली की कोल्हापूर. गावाचं नाव दोन्हीकडे एकच असू शकतं. वेबचा पत्ताही तसाच उजवीकडून वाचायचा. `https://` नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि डावीकडे सरकायचं. इथे रेघेच्या आधी आहे `refund-desk.example`. मालक तो. त्याच्या डावीकडे टिंबं देऊन काय लिहायचं ही त्या मालकाची मर्जी. त्यानं `incometax.gov.in` लिहिलं, उद्या आपल्या महापालिकेचं नाव लिहील. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, पैसेही पडत नाहीत. आणि पहिल्या रेघेच्या उजवीकडे जे येतं, `login` वगैरे, त्याला तर मालकी ठरवताना काहीच अर्थ नाही. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता अर्ध्यात कापला जातो आणि कापल्यावर उरतो तो नेमका सरकारी दिसणारा डावा तुकडा. पत्ता एवढा लांबलचक करण्यामागे हाही एक फायदा आहेच.

गुरुजींनी वहीत लिहून घेतलं, आणि मग स्वतःच `eportal.incometax.gov.in` हा पत्ता लिहून मला विचारलं, “हा?” हा खराच, लॉगिन करताना दिसतो तो. रेघेच्या लगतचा शेवटचा भाग `incometax.gov.in`, मालक खातं, `eportal` त्यांचाच एक विभाग. पटकन समजलं त्यांना.

इथे थोडं सावधपणे बोलायला हवं. दिसणारी लिंक आणि खरी लिंक यांत फरक आहे म्हणजे मेल खोटाच, असं सरसकट धरता येत नाही. जाहिरातीचे, बातमीपत्रांचे पुष्कळ खरे मेल किती जणांनी लिंक उघडली हे मोजायला ती आधी दुसऱ्या पत्त्यावरून फिरवतात. काही कंपन्यांच्या ऑफिसच्या मेलमध्ये तर सुरक्षेसाठीच प्रत्येक लिंक बदललेली असते. पण निळी अक्षरं म्हणजे ‘ऑफर बघा’ असं बटण असणं वेगळं आणि एक पूर्ण सरकारी पत्ता लिहून मागे दुसऱ्याच मालकाचा पत्ता ठेवणं वेगळं. त्यातही तो मागचा पत्ता सरकारी नावानं सुरू होत असेल, तर फसवण्याशिवाय त्याचा दुसरा हेतू मला तरी सुचत नाही.

गुरुजींनी ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाबद्दलही विचारलं, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की कुलूप दिसलं की साइट सुरक्षित. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणी ऐकत नाही. साइट चोराची असली तरी कुलूप असतं, त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं.

कॉम्प्युटरवर होतोच, म्हणून तीन टिंबांच्या मेनूतून `Show original` उघडून दाखवलं. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन तपासण्यांचे निकाल असतात. माझ्या सहकाऱ्याला वाटलं होतं की तिथे लाल अक्षरांत ‘फेल’ दिसेल. तिन्ही ‘पास’! आणि ते बरोबरच होतं. या तपासण्या सांगतात की हा मेल खरोखर `refund-desk.example` कडूनच आलाय, वाटेत कुणी दुसऱ्यानं ते नाव वापरलेलं नाही. `refund-desk.example` हा माणूस कसा आहे ते त्या सांगत नाहीत. चोरानं स्वतःचं डोमेन घेतलं आणि नीट बसवलं तर चोराचा मेलही पास होतो. ‘पास’ कुणाच्या नावानं आहे ते वाचायचं, नुसता शब्द पाहून समाधान मानायचं नाही. ‘फेल’ मात्र आला तर तो गंभीर आहे. कधीकधी खरा मेलही फॉरवर्ड होऊन आल्यामुळे फेल होतो, पण सरकारी नावानं थेट आलेल्या मेलला ‘फेल’ असेल तर मी पुढे वाचत नाही.

आता राहिली घाई. गुरुजींना त्या मेलमधली सगळ्यात भीती वाटली होती ती २४ तासांची नव्हे. “माझ्या खात्याचे शेवटचे आकडे हे नाहीतच. म्हणजे माझे पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जाणार की!” मेल लिहिणाऱ्याला नेमकी हीच भीती हवी असते. त्याला गुरुजींचं खातं माहीत असायचं कारणच नव्हतं. काहीतरी चार आकडे टाकले की ते बहुतेक सगळ्यांच्या बाबतीत चुकीचेच ठरतात, आणि आकडे चुकीचे आहेत म्हणूनच माणूस दुरुस्त करायला धावतो. हा डाव नवा नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचा एक संदेश फिरत होता, त्यातही असाच अर्धवट झाकलेला खाते क्रमांक आणि ‘चुकीचा असेल तर लिंकवर बदला’ अशी ओळ होती. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनं तो खोटा असल्याचं तेव्हा जाहीर केलं होतं.

२४ तास हे त्यावरचं मीठ. आणि चोवीस तास कधीपासून, तर मेल आदल्या संध्याकाळी आलेला. गुरुजींनी तो पाहिला तेव्हा त्यातले बरेच तास उलटून गेलेले. विचारायला, कुणाला दाखवायला सवड राहू नये एवढ्यासाठीच मुदत आखूड ठेवतात.

पण खरं खातंही मुदत घालतंच, म्हणून मुदत दिसली की खोटा असंही म्हणता येत नाही. रिटर्न भरल्यावर ते ३० दिवसांत व्हेरिफाय करायचं असतं आणि त्याची आठवण करणारा खरा मेल येतो. गुरुजींचं रिटर्न ज्या १९६१ च्या कायद्याखाली भरलं होतं त्यात, रिटर्नमध्ये दोष असेल तर कलम १३९(९) ची नोटीस येते आणि उत्तराला १५ दिवस मिळतात. हिशेबात बदल सुचवला असेल तर ३० दिवस. फरक असा की तिथे कलम लिहिलेलं असतं, दिवस मोजायला सुरुवात कुठून ते लिहिलेलं असतं आणि उत्तर पोर्टलवर लॉगिन करून द्यायचं असतं. ‘२४ तासांत नाहीतर रिफंड रद्द’ असं कलमच नाही. खातं चुकलं किंवा पोर्टलवर व्हॅलिडेट झालेलं नसलं तर रिफंड बँकेतून परत जातो आणि आपण पोर्टलवरून तो पुन्हा पाठवण्याची विनंती करतो. पैसे बुडत नाहीत. हे ऐकल्यावर गुरुजींचे खांदे खाली आले, तेव्हा कळलं की रात्रभर त्यांना हीच काळजी होती.

आकड्याकडे तर त्यांनी पाहिलंच नव्हतं. आम्ही रिटर्नमध्ये ११,२६० रुपये मागितले होते, पोचपावतीवर तो आकडा छापलेला आहे. मेलमध्ये २४,३८०. मागितल्यापेक्षा दुपटीहून जास्त पैसे द्यायला कोणतं खातं निघालंय! मेलची सुरुवातही ‘प्रिय करदाते’ अशी होती. आमच्या ग्राहकांना खात्याकडून येणाऱ्या मेलमध्ये नाव असतं, मधली अक्षरं झाकलेला पॅन असतो. अर्थात नाव आणि पॅन या गोष्टी बाहेर फुटतात, तेव्हा नाव बरोबर आहे म्हणून मेल खरा असं मी कधी म्हणणार नाही. नाव नाही, हा मात्र मुद्दा होतो.

मेलच्या तळाशी लांबलचक एक दस्तऐवज क्रमांकही छापलेला होता, डीआयएन म्हणून. हा क्रमांक १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या नोटिसा, आदेश, पत्रांवर असतो. ज्यानं हा मेल बनवला त्याला एवढी माहिती होती, हे मानायला हवं. पण पोर्टलच्या पहिल्याच पानावर, लॉगिन न करता, नोटीस खरी आहे का ते पडताळायची सोय आहे. क्रमांक आणि मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी घालायचा. टाकला. असा दस्तऐवज नाही. मग पोर्टलचा पत्ता ब्राउझरमध्ये हातानं टाइप करून गुरुजींच्याच लॉगिननं भरलेली रिटर्न्स काढली. स्थिती: प्रक्रिया सुरू. रिफंड मंजूरच झाला नव्हता.

लिंकच्या पलीकडे काय होतं ते मी पाहिलं नाही. सहकाऱ्याला फार उत्सुकता होती, “एकदा उघडून तर बघू, काही भरायचं नाही.” ऑफिसच्या ज्या कॉम्प्युटरवर शेदोनशे लोकांचे पॅन आणि पासवर्ड आहेत त्यावर मी असले प्रयोग करू देत नाही. उघडल्यानं त्याला कळतंही, की हा मेल वाचणारा कुणीतरी आहे; काही लिंकांच्या शेपटाला प्रत्येकाचा वेगळा क्रमांक लावलेला असतो.

मेल खात्याच्या `webmanager@incometax.gov.in` वर आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या `incident@cert-in.org.in` वर पाठवला, आयकर खात्यानंच हे दोन पत्ते अशा तक्रारींसाठी दिले आहेत. फॉरवर्ड करताना नुसता फॉरवर्ड न करता, `Show original` मधून मूळ मेलची फाइल उतरवून ती जोडली, कारण साध्या फॉरवर्डमध्ये मेलचा आतला प्रवास, कुठल्या सर्व्हरवरून आला वगैरे, निघून जातो. मग जीमेलमध्ये फिशिंग म्हणून रिपोर्ट केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायची वेळ आली नाही. तो नंबर पैसे गेले असतील तर लगेच लावायचा, पहिल्या काही तासांत लावला तर रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. गुरुजींनी तोही वहीत लिहून घेतला, चौकट करून.

पुढे काही आठवड्यांनी त्यांचा पुन्हा स्क्रीनशॉट आला. या वेळी डॉक्युमेंटनं, आणि बाण उघडून, न सांगता. पाठवणारा `intimations@cpc.incometax.gov.in`. सोबत रिटर्नवर प्रक्रिया झाल्याचं कळवणाऱ्या, कलम १४३(१) च्या सूचनेची पीडीएफ. खाली गुरुजींची ओळ: ‘हाही खोटाच दिसतो. मधे सीपीसी घुसवलं आहे.’

फोन लावला आणि विचारलं, “उजवीकडून वाचा बघू, गुरुजी.”

थोडा वेळ पुटपुटणं ऐकू आलं. “इन... गव्ह... इनकमटॅक्स. त्याच्या डावीकडे सीपीसी. म्हणजे मालक इनकमटॅक्सच.”

सीपीसी म्हणजे बंगळूरूचं केंद्र, रिटर्नवर प्रक्रिया होते ते. मेलमध्ये दाबायची अशी लिंक नव्हती, कसली मुदत नव्हती, गुरुजींचं नाव होतं. तरी पीडीएफ उघडायच्या आधी पोर्टलवर जाऊन पाहिलं, तिथेही तीच सूचना आलेली होती आणि रिफंडचा आकडाही दिसत होता. मग त्यांना सांगितलं की पीडीएफला पासवर्ड लागेल: पॅन, पण सगळी अक्षरं लहान, आणि त्याला लागून जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष, मधे काही न टाकता.

“म्हणजे पासवर्ड ते मागत नाहीत, मलाच माहीत असतो,” गुरुजी म्हणाले, आणि पीडीएफ उघडेपर्यंत त्यांनी मला फोन ठेवू दिला नाही.